अनुभव धागा: कोटेशनमधल्या कोणत्या ओळीने तारलं, कोणत्या ओळीने बुडवलं?

परांचीवाला

मी रंगकामाची कंत्राटं घेतो. गेल्या मोसमात एका तीन मजली इमारतीचं बाहेरचं काम घेतलं आणि मीच लिहिलेल्या कोटेशनने मला आडवं पाडलं. मजकूर जसाच्या तसा देतो:

"आपल्या इमारतीचे बाहेरून संपूर्ण रंगकाम, दोन हात, उत्तम प्रतीच्या रंगात. अंदाजे 500 चौ. मी. एकूण रक्कम खालीलप्रमाणे. निम्मी रक्कम आगाऊ, उर्वरित काम पूर्ण झाल्यावर."

पाठवताना मला यात काहीच खटकलं नव्हतं. काम सुरू झालं आणि मालकांनी विचारलं, "खिडक्यांच्या जाळ्या कधी घेताय?" म्हटलं, जाळ्या यात नाहीत. त्यांनी कागद पुढे केला आणि 'संपूर्ण' या शब्दावर बोट ठेवलं. मागच्या भिंतीला तडे होते, तेही त्याच शब्दात जाऊन बसले.

मग मोजमाप. टेप लावली तर 580 चौरस मीटर भरलं. 'अंदाजे' मी लिहिलं होतं, पण रक्कम ठोक होती. वरच्या 80 मीटरचा रंग, मजुरी, सगळं माझ्या अंगावर.

शेवटी कर. मी धरून चाललो होतो की तो वर लागणारच, सगळ्यांना माहीत असतं. मालक म्हणाले, "एकूण असं तुम्हीच लिहिलंय." हिशेब सोपा करून सांगतो. कर शंभराला 18 धरा आणि माझी रक्कम 100 धरा. त्या शंभरातूनच कर भरायचा तर माझ्या हातात 84.75 उरतात. तेही 500 ऐवजी 580 मीटरसाठी. म्हणजे मीटरमागे मला जे मिळायला हवं होतं त्याच्या 73 टक्केच मिळालं. जाळ्या आणि तडे अजून यात धरलेच नाहीत.

तुमचे असे अनुभव लिहा. एखाद्या ओळीने वाचवलं असेल तर ती ओळही लिहा, मला नवीन कोटेशन करायचंय.

खरेदी विभाग

मी टेबलाच्या पलीकडून सांगते. आमच्याकडे एका कामाला तीन कोटेशन येतात आणि मी आधी ती एका पातळीवर आणते, कारण एकात कर धरलेला, एकात वेगळा, तिसऱ्यात त्याचा पत्ताच नाही. पूर्वी मी अशांना फोन करून विचारायचे. आता करत नाही, कारण फोनवर "धरलाय की" म्हणणारे बिलात वेगळा लावतात. करावर गप्प असलेलं कोटेशन मी सरळ बाजूला ठेवते. सर्वांत कमी आकडा बहुतेक वेळा त्यातच असतो, हे वेगळं सांगायला नको!

एक विनंती. "लागू असल्यास कर जादा" असं मोघम लिहू नका. मूळ रक्कम, कराचा आजचा दर, कराची रक्कम आणि बेरीज अशा चार ओळी द्या. खाली लिहा की दर बदलला तर बिलाच्या दिवशी लागू असेल तो लागेल. मला वरिष्ठांकडून मंजुरी बेरजेच्या आकड्यालाच घ्यावी लागते.

शब्दमोजणी

माझं काम भाषांतराचं, पण दुखणं तेच. "शब्दामागे दर" असं लिहून दिलं. ग्राहकाने मराठीतले शब्द मोजले, मी इंग्रजीतले. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतो, त्यामुळे इंग्रजीतले तीन शब्द 'घराबद्दल' अशा एकात मावतात. भांडण माझ्याच तोट्याचं होतं. तेव्हापासून "मूळ मजकुरातील शब्दांवर" एवढे तीन शब्द वाढवले. 'एक दुरुस्ती फेरी धरलेली आहे, ग्राहकाने मूळ मजकूर बदलल्यास ते नवीन काम' ही ओळही.

जुना हिशेबनीस

परांचीवाले, तुमच्या मजकुरात खरा घोटाळा असा आहे की 'अंदाजे' आणि 'एकूण' एकाच कागदावर नांदतायत. अंदाजपत्रक द्यायचं असेल तर मीटरमागे दर द्या आणि बिल प्रत्यक्ष मोजमापावर करा. ठोक द्यायचं असेल तर आधी स्वतः मोजा, मग 'अंदाजे' काढून टाका. मोजमापावर जायचं ठरलं तर ते कोण करणार आणि खिडक्या-दारं वजा करणार की नाही, हेही लिहा. मी तीस वर्षं कंत्राटदारांची बिलं तपासली. आकड्यापेक्षा खिडक्यांवरून जास्त भांडणं पाहिली.

'संपूर्ण', 'उत्तम प्रतीचा', 'आवश्यक ती सर्व कामे' हे शब्द ग्राहकाला खूश करतात आणि नंतर तुमच्याच विरुद्ध साक्ष देतात. त्यांच्याऐवजी क्रिया लिहा:

"भिंती खरवडून धुणे, केसासारखे तडे भरणे, प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन हात. रंगाचा प्रकार सोबतच्या नमुन्याप्रमाणे. परांची व साफसफाई आमच्याकडे, पाणी व वीज आपल्याकडून. सुटलेल्या प्लॅस्टरची दुरुस्ती, ओल थांबवण्याचे काम, लोखंडी जाळ्या व पाइप यात धरलेले नाहीत."

शेवटचं वाक्य लिहायला लोक लाजतात. ग्राहक पळेल अशी भीती असते. पण कामाच्या मध्यावर तोंडी नकार देण्यापेक्षा ते बरं. जादा काम निघालंच तर ते सुरू करण्याआधी लेखी होकार घ्या, दोन ओळींचा का असेना.

नवखा

माझा प्रश्न: ग्राहकाने बिल चार महिने थकवलंय, त्यावर व्याज लावता येतं का? कोटेशनमध्ये तसं काही लिहिलं नव्हतं.

जुना हिशेबनीस

@नवखा, हा वेगळा धागा व्हायला हवा. काही ठिकाणी कायदाच व्याज देतो, काही ठिकाणी आधी लिहिलेलं लागतं. पण या धाग्यापुरतं विचारतो, पैसे कधी द्यायचे ते तरी लिहिलं होतं का?

नवखा

"30 दिवसांत".

खरेदी विभाग

कशापासून 30 दिवस? बिलाच्या तारखेपासून, बिल आमच्याकडे पोचल्यापासून, की काम तपासून मंजूर झाल्यापासून? आमचं लेखा खाते नेहमी तिसरंच धरतं. तुम्ही पहिलं धरत असणार.

छपाईघर

मी मुदतीवर लिहितो, कारण मला तिने मारलं. आमच्या धंद्यात कागदाचा भाव कधीही उसळी घेतो, म्हणून "दर 15 दिवस ग्राह्य" लिहायची सवय. एकदा पत्रावर तारीख पडली 1, सही व्हायला आठवडा गेला, ग्राहकाच्या हाती पडलं 9 तारखेला. त्याने 20 ला ऑर्डर दिली. माझ्या मते मुदत संपली होती, त्याच्या मते अजून चार दिवस होते. मधल्या काळात कागद चढला. तो चांगला ग्राहक होता म्हणून जुन्या भावात छापून दिलं, दात-ओठ खात. आता "15 दिवस" लिहीत नाही, थेट तारीख टाकतो आणि पुढे लिहितो, "या तारखेपर्यंत लेखी ऑर्डर आमच्याकडे पोचल्यास".

बाकी एकदा मुदत लिहिली की तोवर आपण बांधले गेलो. मधे भाव वाढला तरी शब्द फिरवता येत नाही.

कायद्याचा किडा

@छपाईघर, व्यवहारात बरोबर, कायद्यात अर्धंच. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत नुसती मुदत लिहिल्याने माणूस बांधला जात नाही. समोरच्याने ती मुदत उघडी ठेवायला काही मोबदला दिला नसेल, तर स्वीकार येण्याआधी कळवून प्रस्ताव मागे घेता येतो. 1876 च्या डिकिन्सन विरुद्ध डॉड्स खटल्यात घर विकण्याचा प्रस्ताव शुक्रवारी सकाळी 9 पर्यंत खुला ठेवल्याचं लिहून दिलं होतं, तरी तेवढ्यावर विकणारा बांधला गेला नाही. उलट आंतरराष्ट्रीय मालविक्रीबद्दलच्या 1980 च्या व्हिएन्ना कराराचं 16 वं कलम पाहा. तिथे ठरावीक मुदत देणं हे प्रस्ताव मागे न घेण्याचं वचन ठरू शकतं. तुमचा व्यवहार कुठल्या कायद्याखाली येतो त्यावर उत्तर फिरतं.

खरी गंमत घासाघिशीत आहे. तुम्ही 1000 म्हणालात, तो 950 म्हणाला, तुम्ही नाही म्हणालात, तो म्हणाला बरं, 1000 ला देऊन टाका. 1840 च्या हाइड विरुद्ध रेंच खटल्यात नेमकं हेच झालं, शेतजमिनीच्या सौद्यात. न्यायालय म्हणालं, 950 म्हटल्याक्षणी 1000 चा प्रस्ताव संपला, विकणाऱ्यावर आता तो बंधनकारक नाही. म्हणजे तुमच्या पत्रावरची मुदत शिल्लक असली तरी ग्राहकाने भाव पाडून मागितला की जुना भाव द्यायचा की नाही, हे तुमच्या हातात येतं.

छपाईघर

किडेसाहेब, हे ग्राहकाला सांगून पाहा बरं. दुसऱ्या दिवशी तो समोरच्या छापखान्यात दिसेल.

कायद्याचा किडा

सांगायला नाही, स्वतःला माहीत असायला. आणखी एक: ऑर्डर आली की तिची मागची बाजू वाचा. तुम्ही 15 दिवसांत पैसे म्हणता, ऑर्डरवर बारीक अक्षरांत 60 दिवस असतं. तुम्ही काही न बोलता काम सुरू केलंत की त्यांच्या अटी मान्य केल्या, असा अर्थ निघू शकतो.

परांचीवाला

सगळ्यांचे आभार. पैशांच्या टप्प्यांचं मात्र अडलंय. 'काम पूर्ण झाल्यावर' या तीन शब्दांत माझी निम्मी रक्कम चार महिने अडकली, कारण आतल्या भिंतीला ओल दिसली आणि मालकांच्या मते काम पूर्णच झालं नव्हतं. मी असं करतोय: 30 टक्के ऑर्डरसोबत, 30 परांची लागून तडे भरून झाल्यावर, 30 रंगाचा दुसरा हात झाल्यावर, उरलेले 10 ताबा दिल्यावर. आणि "ताबा दिल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार न आल्यास काम स्वीकारले असे समजू."

खरेदी विभाग

टप्पे छान आहेत, प्रत्येक टप्पा डोळ्यांना दिसतो. 7 दिवसांची ओळ आमच्याकडे कापली जाईल. 15 लिहिलेत तर कदाचित राहील.

जुना हिशेबनीस

मी ती ओळ ठेवीन. कापली तर कापली, निदान त्यावर बोलणं तरी होईल. फक्त आगाऊ रकमेवर कर तेव्हाच लागतो की बिल केल्यावर, हे तुमच्या कर सल्लागाराला विचारून मग टप्प्यांचे आकडे टाका. त्यावर माझं आणि माझ्या जावयाचं अजून एकमत झालेलं नाही.

परांचीवाला

काल नवीन पत्र एका ग्राहकाला पाठवलं. दीड पान झालं, मुदतीची तारीख ठळक केली. आज सकाळी फोन आला. वाटलं, टप्प्यांवरून घासाघीस असणार. म्हणाले, "हे ओल थांबवण्याचं काम धरलेलं नाही लिहिलंय, त्याचे वेगळे किती होतील?" आता त्याचं दुसरं कोटेशन बनवतोय. ओल कुठून येतेय हे भिंत फोडल्याशिवाय कळणार नाही, मग त्यात व्याप्ती काय लिहायची, सांगा?