मराठी मसुद्यातला 'आपण' इंग्रजी ईमेलमध्ये कुठे जातो?

थेटभेट

ऑफिसच्या ईमेलसाठी माझा साधा नियम. मसुदा मराठीत लिहा, मग त्यातलं 'आपण', 'मा.', 'नम्र विनंती' सगळं खरवडून काढा. इंग्रजीत आदर नसतोच, लहानमोठ्या सगळ्यांना एकच 'यू'. उरलेलं वाक्याला वाक्य इंग्रजीत आणा आणि 'काइंडली' लावा. झाला प्रोफेशनल ईमेल. यात चूक काय, कुणी सांगेल का?

अनुस्वार

मी सांगते, आणि सविस्तर सांगते. याच सल्ल्याने बिघडलेली पत्रं दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

इंग्रजीत आदर आहे, फक्त तो वेगळ्या जागी बसतो. मराठीत तो सर्वनामात आणि क्रियापदाच्या शेवटात असतो. 'पाठव', 'पाठवा', 'पाठवावा' एवढ्यावरून समोरचा कोण आहे ते कळतं, मग वाक्य कितीही थेट असलं तरी चालतं. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही. तिथे आदर वाक्याच्या घडणीत आणावा लागतो: आज्ञेऐवजी प्रश्न, मागणीमागचं कारण, आणि समोरच्याला 'जमणार नाही' म्हणायला जागा. मराठी शेवट खरवडले आणि बदल्यात काहीच घातलं नाही, तर नुसता हुकूम उरतो.

एका सहकाऱ्याने बाहेरच्या ज्येष्ठ सल्लागारांसाठी लिहिलेला मसुदा असा होता: 'मागील बैठकीत आपण ठरवल्याप्रमाणे सुधारित आराखडा सोमवारपर्यंत मिळणे अपेक्षित होते. तो अद्याप मिळालेला नाही. तरी आपण तो लवकरात लवकर पाठवावा, ही नम्र विनंती. काही शंका असल्यास कळवावे.' मराठीत यात खटकण्यासारखं काही नाही. त्याने वाक्याला वाक्य लावून पाठवलं ते हे:

```
As you decided in the last meeting, the revised plan
was expected by Monday. It is still not received.
You should kindly send it at the earliest.
If you have any doubts, inform us.
```

सल्लागारांचं उत्तर दोन ओळींचं आलं: मी काहीही ठरवलं नव्हतं, तारीख तुमच्या बाजूने आली होती.

आता बघा, 'आपण ठरवल्याप्रमाणे' यातला 'आपण' कोण? लिहिणाऱ्याच्या मनात 'आपण सर्वांनी' होतं. पुढे तोच शब्द आदरार्थी आहे, म्हणून इंग्रजी करताना त्याने दोन्हीकडे 'यू' घातलं. 'आपण पाठवाल' आणि 'आपण पाठवू' यांत क्रियापद आपल्याला वाचवतं. 'आपण ठरवलं' म्हटलं की क्रियापद गप्प, आणि 'ठरवल्याप्रमाणे'मध्ये तर काहीच खूण नाही. त्यामुळे इंग्रजी करण्याआधी मसुद्यातल्या प्रत्येक 'आपण'वर बोट ठेवून तो 'वी' आहे की 'यू' हे ठरवून घ्यावं लागतं. इथे ते न केल्यामुळे सगळ्यांचा निर्णय एकट्या सल्लागारांच्या माथी बसला.

दुसरं, 'पाठवावा'. मराठीत हे रूप विनंतीला मऊ करतं. 'यू शुड सेंड' म्हणजे मात्र 'तुमचं हे कर्तव्य आहे'. त्यात 'काइंडली' घुसवल्याने कर्तव्य विनंती होत नाही. मी त्याला हे लिहून दिलं:

```
I am writing about the revised plan we discussed at our
last meeting. We had hoped to have it by Monday.
Could you please send it by Thursday? The printing team
starts work on Friday morning. If Thursday is difficult,
please let me know what would work for you.
```

'अपेक्षित होते'चं 'होप्ड' केलं, कारण 'एक्स्पेक्टेड'मध्ये जाब विचारल्याचा सूर येतो. 'लवकरात लवकर' जाऊन गुरुवार आला आणि त्यामागचं कारण आलं. 'नम्र' हा शब्द कुठेच नाही, पण नम्रता शेवटच्या वाक्यात आहे. मराठीत ती 'आपण'ने आधीच दिली होती.

थेटभेट

उदाहरण मानलं, पण तुम्ही चार ओळींच्या पाच केल्या. वरिष्ठ माणूस फोनवर ईमेल वाचतो. त्याचा वेळ वाचवणं हाच आदर. मी 'नीड प्लॅन बाय थर्सडे, प्लीज' लिहितो आणि मला उत्तरं येतात.

अनुस्वार

वेळ वाचवण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, मला हे नाइलाजाने मान्य करावं लागतंय. 'आशा आहे आपण कुशल असाल' पासून सुरू होणारी तीन वाक्यं मीही उडवते. पण तुम्हाला उत्तरं येतात ती ओळखीच्या माणसांकडून. त्यांच्याशी तुमचं नातं आधीच जमलेलं आहे. अनोळखी ज्येष्ठाला हीच ओळ पाठवा आणि 'प्लीज' झाकून वाचा. खाली हुकूम दिसला, तर 'प्लीज' नुसता चिकटवलेला आहे. माझ्या पाच ओळींतले दोन्ही 'प्लीज' झाका, तरी प्रश्न आणि पर्याय शिल्लक राहतात.

निळी_शाई

शंकेचं कुणी बोललंच नाही! मला याची झळ बसली आहे. परदेशातल्या एका सहकारी बाईंच्या अहवालात एक आकडा मला कळला नव्हता. मराठीत मनात आलं, 'मला एक शंका आहे', आणि मी लिहिलं 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर रिपोर्ट'. त्यांनी माझ्या वरिष्ठांना प्रत जोडून आकड्याचा पुरावा पाठवला, वर आणखी दोन तक्त्यांचाही. माझा त्यांच्यावर अविश्वास आहे असं त्यांना वाटलं होतं. मी फोन करून समजावलं, पण पुढचे काही महिने त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या. 'क्वेश्चन' एवढा एक शब्द वापरला असता तर हे घडलं नसतं.

जुनापट्टा

बाकी ठीक, पण 'काइंडली'ला का झोडपताय? मी 30 वर्षं 'काइंडली' लिहितोय. मला टायपिंगच्या वर्गात ते सौजन्याचं म्हणून शिकवलं. माझ्या वरिष्ठांनी, त्यांच्या वरिष्ठांनी तेच लिहिलं. आज एकाएकी ते उद्धट कसं झालं? आपल्याकडचं इंग्रजी हे आपलं इंग्रजी आहे.

निळी_शाई

माझ्या आताच्या साहेबांनी 'काइंडली' खोडायला लावलं. म्हणाले, ते दटावल्यासारखं वाटतं.

जुनापट्टा

म्हणजे साहेबांना परदेशी लोकांचे कान हवेत. आपण किती वाकायचं? 'डू द नीडफुल' इंग्रजांनीच आपल्या दप्तरांत आणलं, आता त्यांनाच ते ऐकून कसंतरी होतं! मग दर काही वर्षांनी आपण नव्याने शिकायचं का?

थेटभेट

अगदी बरोबर. 'काइंडली' वाचून कुणी काम नाकारल्याचं मी पाहिलेलं नाही.

अनुस्वार

जुनापट्टा, 'काइंडली' चुकीचं इंग्रजी नाही, आणि ते लिहिणारा उद्धट नाही. इथल्या इथे, इथल्याच माणसाला लिहिताना ते पूर्ण सौजन्याचं आहे, मीही लिहिते. पण ब्रिटिश किंवा अमेरिकी वाचकाला तो शब्द बहुतेकदा सूचनाफलकावर आणि तक्रारीच्या पत्रात भेटलेला असतो, जिथे लिहिणाऱ्याचा संयम संपत आलेला आहे. त्यामुळे त्याला तुमचा आदर पोहोचत नाही. तुम्ही तो पाठवता आणि तो वाटेत गळतो, मला वाईट त्याचं वाटतं. यात वाकण्याचा प्रश्न कुठे आला?

जुनापट्टा

गळतो तर वाचणाऱ्याने उचलावा. दर वेळी लिहिणाऱ्यानेच का? बाहेर लिहिताना 'कुड यू' लिहीन, ठीक आहे. आतल्या पत्रांतून 'काइंडली' काढणार नाही, आणि माझ्या हाताखालच्या पोरांनाही काढू देणार नाही.

मायमराठी

मुळात इंग्रजीत लिहायचंच कशाला? दोन्ही टोकांना मराठी माणूस असताना मधे इंग्रजी ईमेल येतो, याची चीड यायला हवी. मराठीत पाठवा, आदराचा प्रश्नच मिटतो.

निळी_शाई

दोन्ही टोकांना मराठी माणूस असेल तर मी मराठीतच लिहिते. इथे समोरच्याला मराठी येत नाही, तेव्हाचं चाललंय.

मायमराठी

माझ्या ऑफिसात दोघांनाही येतं, तरी इंग्रजी. माझा मुद्दा तो आहे, आणि तो कुणीच ऐकत नाही.

पानसुपारी

सगळे वरिष्ठांबद्दलच बोलताहेत. माझा घोटाळा उलटा झाला. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला मी मराठीत म्हणाले असते, 'अगं, तो तक्ता जरा पाठव ना'. ती मराठी नाही, म्हणून इंग्रजीत लिहिलं, आणि प्रोफेशनल हवं म्हणून 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड' लिहिलं. तिने लगेच विचारलं, 'तू माझ्यावर रागावली आहेस का?'

अनुस्वार

हे फार महत्त्वाचं आहे. 'जरा' आणि 'ना' यांत जवळीक आहे, तीही मसुद्याबरोबर पलीकडे गेली पाहिजे. तिथे 'कॅन यू सेंड मी द टेबल व्हेन यू गेट अ मिनिट?' पुरेसं होतं. इंग्रजीत ओळखीच्या माणसाशी अचानक वाक्य लांबलं की अंतर पडतं, जसं रोज 'तू' म्हणणाऱ्याने एक दिवस 'आपण' म्हटल्यावर पोटात गोळा येतो.

थेटभेट

मग तो गोळा मुद्दाम आणायचा असेल तर? माझा खरा प्रश्न हाच आहे. तिसरं स्मरणपत्र आहे, समोरचा दाद देत नाही. मराठीत मी 'आपण अद्याप उत्तर देण्याची तसदी घेतलेली नाही' लिहितो. आदर पूर्ण, पण बर्फासारखा. हे इंग्रजीत कसं आणायचं? तुमचं 'कुड यू प्लीज' इथे लेचंपेचं आहे.

अनुस्वार

इथे 'कुड यू' नको, हे खरं. मी 'आय वुड अप्रीशिएट अ रिप्लाय बाय थर्सडे' लिहिते आणि आधीच्या दोन पत्रांच्या तारखा नुसत्या नोंदवते. विशेषण एकही नाही. 'तसदी'चं भाषांतर करत नाही, ते इंग्रजीत सरळ टोमणा होतं.

जुनापट्टा

मला पटत नाही. टोमणा हवाच होता, तर तो काढून टाकणं म्हणजे मसुदा बदलणं. लिहिणाऱ्याने राग लिहिला आणि तुम्ही तारखा पाठवल्या. ही इमानदारी नाही.

अनुस्वार

थेटभेटने लिहिलं ते आदर राखून राग. टोमण्यात आदर जातो आणि नुसता राग उरतो. दोन्ही टिकवणारं इंग्रजी वाक्य तुमच्याकडे असेल तर द्या, मी वापरेन.

जुनापट्टा

'काइंडली रिप्लाय.' दोनच शब्द. तुम्हीच म्हणालात ना, तिकडच्या माणसाला यात संयम संपल्याचं ऐकू येतं.

अनुस्वार

हो. या एका जागी तुमचा 'काइंडली' बसतो. थेटभेट, बाहेरच्या माणसाला तिसरं पत्र असेल तर लिहा, पण त्याच्या वर दोन्ही तारखा आणि खाली गुरुवार ठेवा.

थेटभेट

तारखा ठेवतो. 'काइंडली' ठेवायचा की 'अप्रीशिएट', ते पत्र पाठवताना ठरवीन. आणि पहिल्या दोन पत्रांत 'आपण ठरवल्याप्रमाणे'चं मी काय केलं होतं ते आता उघडून बघितलं. दोन्हीकडे 'यू' आहे.