मदत हवी आहे: आईची पेन्शन काढायला माझं नाव कसं लावायचं?

प्रसाद_मिरज
नमस्कार, थोडं अर्जंट आहे. आईची पेन्शन उचलायला माझं नाव प्रतिनिधी म्हणून लावायचंय. बँकेत तीनदा जाऊन आलो, दर वेळी एकच उत्तर, आजींना घेऊन या. अहो ती अंथरुणावर आहे, कशी आणू? तो फॉर्म कुठला असतो, कोणाकडे असेल तर टाका प्लीज. डिसेंबरची पेन्शनही आलेली नाही, औषधांचा खर्च चालूच आहे.

शिंदे_काकू
कुठली पेन्शन? सरकारी, झेडपी, पीएफची की निराधार? प्रत्येकाचं ऑफिस वेगळं, त्याशिवाय काय सांगणार.

अॅड_देशमाने
सोपं आहे. आईंकडून तुमच्या नावे मुखत्यारपत्र करून घ्या, नोटरी नको, रजिस्टर्डच करा. अंथरुणावरच्या माणसासाठी दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करतात. ते बँकेत दिलं की सगळे व्यवहार तुम्ही करू शकता.

कोकणी_मामा
एटीएम कार्ड आहे ना आईंचं? पिन माहीत असेल तर काढा पैसे, आम्ही आजोबांचे चार वर्षं असेच काढले. बँकेच्या पायऱ्या कोण चढणार.

निवृत्त_बँकवाला
प्रसाद, मी एकतीस वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीच पेन्शन काउंटरला. आधी एवढं सांगा. १) वडिलांची कुटुंब पेन्शन आहे की आईची स्वतःची? २) खातं एकटीच्या नावावर आहे का? ३) नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला दिला होता का? ४) सगळ्यात महत्त्वाचं, आईंना बोललेलं कळतं का? अंगठा देऊ शकतात का?

प्रसाद_मिरज
वडील तहसील ऑफिसला होते, त्यांच्या मागे आईला मिळते, म्हणजे कुटुंब पेन्शन, कोषागारातून राष्ट्रीयीकृत बँकेत येते. खातं तिच्या एकटीचं. ऑक्टोबरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून उठता येत नाही. हयातीचं त्या गडबडीत राहूनच गेलं. अंगठा देते. विसरण्याचा त्रास दोन वर्षांपासून आहे, मला ते महत्त्वाचं वाटलं नाही म्हणून लिहिलं नव्हतं. कधी मला ओळखते, कधी माझ्यात तिचा भाऊ दिसतो तिला.

निवृत्त_बँकवाला
तेच खरं महत्त्वाचं आहे. तुमचे दोन प्रश्न एकात मिसळलेत, ते वेगळे करा.

पेन्शन थांबलीय ती हयातीच्या दाखल्यामुळे, तुमचं नाव नसल्यामुळे नाही. त्यामुळे तो दाखला आधी. त्यात आई जिवंत आहेत एवढंच सिद्ध करायचं असतं, त्यांना व्यवहार कळतो का हा प्रश्न तिथे येतच नाही. आधार तिच्या नावाचं नीट असेल तर घरीच मोबाईलवर चेहरा दाखवून होतो. जीवन प्रमाणचं अॅप आणि आधारचं फेस आरडी अॅप, दोन्ही लागतात. आधी ऑपरेटर म्हणून तुम्ही स्वतःचा चेहरा देता, मग आईंचा. डोळे मिटून उघडायला सांगतं, तिथे बरेच अडकतात. खिडकीसमोर उजेडात, मागे उशी देऊन बसवा आणि त्या ताज्यातवान्या असतील ती वेळ निवडा.

फॉर्म भरताना पेन्शनचा प्रकार ‘कुटुंब’ निवडायचा, बरेचजण ‘सेवा’ दाबतात आणि मग दाखला फेटाळला जातो. पीपीओ नंबर पुस्तकातून बघून टाका, आठवणीवर नको. आणि प्रमाण आयडीचा मेसेज आला म्हणजे काम झालं असं समजू नका, तो फक्त दाखला तयार झाल्याचा असतो. पेन्शन देणाऱ्याने स्वीकारला का हे नंतर जीवन प्रमाणच्याच साइटवर त्या आयडीने बघा, शिवाय कोषागारात एक फोन करा. दाखला लागला की थांबलेली रक्कम थकबाकीसकट येते, बुडत नाही.

शिंदे_काकू
चेहऱ्याचं जमलं नाही तर पोस्टमन घरी येतो हो, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचा, ७० रुपये घेतो. माझ्या सासूबाईंचं असंच केलं मागच्या वर्षी. त्याच्या मशीनवर बोट लावायचं, पण म्हातारपणी बोटं झिजतात, आमच्या वेळी चौथ्या बोटावर लागलं.

अॅड_देशमाने
दाखला ठीक आहे, पण रोजचे व्यवहार? मुखत्यारपत्राशिवाय पुढे अडेल, लिहून ठेवा.

मृणाल_ठाणे
वकीलसाहेब, माफ करा पण हे अर्धवट आहे. माझ्या बाबांच्या वेळी आम्हीही हेच ऐकलं होतं. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की ते आपोआप संपतं. परदेशात स्मृती गेल्यावरही चालू राहणारं पत्र करता येतं, आपल्याकडे तसं नाही. रजिस्टर केल्याने ते वाचत नाही. शिवाय विसराळूपणा वाढल्यावर केलेलं असेल तर ते केलं त्या दिवशी आईंना कळत होतं का, हाच पहिला प्रश्न येणार.

अॅड_देशमाने
कलम मला पाठ आहे. पण तोच कायदा कलम १२ मध्ये असंही म्हणतो की एरवी भान नसलेला माणूस मधल्या शुद्धीच्या काळात करार करू शकतो. प्रसादजींच्या आई कधी कधी ओळखतात. मग त्या वेळी डॉक्टरांचा दाखला घेऊन करा ना.

मृणाल_ठाणे
केलं तरी पुढचं काय? सहा महिन्यांनी त्या अजिबात ओळखेनाशा झाल्या की तेच पत्र हातात घेऊन बँकेत जाणार का?

कोकणी_मामा
कार्डानेच काढा, कशाला एवढा व्याप. आईचे पैसे आईलाच खर्च होतायत ना.

निवृत्त_बँकवाला
मामा, कार्ड वापरल्याबद्दल मी कोणाला नावं ठेवत नाही, घरोघरी तेच चालतं. पण कार्डाची मुदत संपते, केवायसी अपुरी म्हणून खातं गोठतं, मग नवीन कार्डासाठी शेवटी आईंचीच सही लागते. त्यातून पेन्शनर गेल्यानंतरची रक्कम काढली गेली असेल तर ती परत भरावी लागते आणि कार्ड कोणाच्या हातात होतं हे विचारलं जातं. भावाबहिणींत वाद असले तर आणखीनच.

आता प्रसादच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही शोधताय तसा ‘प्रतिनिधीचा फॉर्म’ मला माझ्या काळात कधी लागला नाही. सरकारी पेन्शन वाटणाऱ्या बँकांसाठी रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात आजारी पेन्शनरांची पद्धत दिलेली आहे. बँकेत येता येत नाही पण अंगठा देता येतो अशांसाठी पैसे काढायच्या स्लिपवर किंवा चेकवर अंगठा घ्यायचा आणि तो दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखायचा, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. हाताचा अंगठा नसेल तर पायाचा, तोही नसेल तर नुसती खूण चालते. मग पैसे कोण घेऊन जाणार हे पेन्शनरने दाखवायचं, त्या माणसाची ओळखही दोन साक्षीदारांनी पटवायची, आणि त्याने आपल्या सहीचा नमुना बँकेला द्यायचा. तुमचं नाव लागतं ते इथे. तुम्ही स्वतः साक्षीदार नाही होऊ शकत, शेजारचे किंवा बँकेच्या ओळखीचे कोणी बघा.

शाखेत तोंडी मागू नका. मॅनेजरच्या नावाने अर्ज द्या: आई अंथरुणावर, डॉक्टरांचा दाखला सोबत, अधिकारी घरी पाठवावा, एवढ्या रकमेची गरज. पोच घ्या. ७० वर्षांवरच्यांना घरपोच सेवा द्यायला रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलंय, त्याचाही उल्लेख करा.

प्रसाद_मिरज
काका, म्हणजे दर महिन्याला अधिकारी घरी येणार? आणि आईला त्या दिवशी भान नसेल तर?

निवृत्त_बँकवाला
दर महिन्याला बोलवायची गरज नाही, दोन-तीन महिन्यांची गरज एकदम काढा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अवघड आहे. ही पद्धत शरीराने असमर्थ असलेल्यांसाठी आहे. ‘पैसे कोण नेणार’ हे आईंनीच दाखवायचं असतं. मी स्वतः एकदा एका आजींकडे गेलो होतो, मुलगा सून दोघं शेजारी. मी विचारलं हे कोण, त्या म्हणाल्या डॉक्टर. मी अंगठा घेतला नाही, परत आलो. तो मुलगा खूप चिडला, पण मी ज्याची खात्री देऊ शकत नाही त्यावर सही कशी करू? दहा दिवसांनी सकाळी नऊला पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी मुलाचं नाव स्वतःहून घेतलं आणि काम झालं.

शिंदे_काकू
खरंय, आमच्याही सासूबाई सकाळी बऱ्या असतात, दिवे लागले की बिथरतात.

रमेश_जामखेड
माझ्या वडिलांना ईपीएसची पेन्शन आहे, साडेतीन वर्षं झाली वाढ नाही, त्याबद्दल कोणी बोलेल का? आणि नाव लावायला वारस दाखला लागतो ना?

शिंदे_काकू
रमेशभाऊ, वारस दाखला माणूस गेल्यावर. वाढीसाठी वेगळा धागा काढा.

साताऱ्याची_लेक
प्रसाददादा, तुमचं नाव आईंच्या खात्यात जोडता नाही का येणार, दोघांपैकी कोणीही काढेल असं? माझ्या आईबाबांचं तसंच आहे.

निवृत्त_बँकवाला
ताई, पेन्शनच्या खात्यात ती सोय जोडीदारासोबत असते. प्रसादचे वडील नाहीत, त्यामुळे मुलाला जोडता येणार नाही.

मृणाल_ठाणे
आईंचं भान पूर्ण गेलं तर काय, हेही आत्ताच माहीत असू द्या, कारण आम्ही त्यात आठ महिने घालवले. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालय मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमू शकत होतं. २०१७ च्या नव्या कायद्यात ती तरतूद राहिली नाही. त्यातला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ फक्त उपचारांच्या निर्णयांसाठी, पैशांसाठी नाही, बँकेत कोणी तेच दाखवलं तर फसू नका. म्हणून आम्ही उच्च न्यायालयात पालकत्वासाठी अर्ज केला. डॉक्टरांकडून तपासणी झाली, माझ्या भावाची लेखी संमती लागली, बाबांची सगळी खाती दाखवावी लागली, आणि आदेशानंतर ठराविक काळाने खर्चाचा हिशोब द्यायला सांगितला. अपंगांच्या २०१६ च्या कायद्यातही मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे, जिल्हा पातळीवर. आमच्या वकिलांनी ती वाट घेतली नाही, पण तुमच्या वकिलांना विचारा.

अॅड_देशमाने
एका पेन्शनीसाठी हायकोर्ट? मिरजेतला माणूस कसा परवडवणार? मी अजूनही म्हणतो, शुद्धीत असताना कागद करा, डॉक्टरांसमोर, व्हिडिओ काढून.

मृणाल_ठाणे
शुद्धीत असताना करा याला माझा विरोध नाही. ते कायमचं पुरेल असं सांगू नका, एवढंच.

प्रसाद_मिरज
सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला आठवडा लागला. चेहऱ्याचा दाखला तिसऱ्या प्रयत्नात झाला, आधी दोनदा आई पापणीच मिटेना, शेवटी बायकोने तिला गाणं म्हणायला लावलं आणि ती हसली तेव्हा झालं. पहिल्यांदा मी पण ‘सेवा’च दाबलं होतं काका, तुमच्या मेसेजमुळे लक्षात आलं. साइटवर अजून स्वीकारल्याचं दिसत नाही, कोषागारात सोमवारी जातो.

बँकेत अर्ज दिला, पोच मिळाली. मॅनेजर म्हणाले गुरुवारी सकाळी अधिकारी पाठवतो, साक्षीदार म्हणून समोरचे निवृत्त गुरुजी तयार आहेत. नाशिकच्या बहिणीला सगळं सांगितलं, ती म्हणाली दर महिन्याचा खर्च वहीत लिहून पाठव, तेवढं मी करेनच.

आई आज सकाळी मला भाऊ समजली. गुरुवारी काय होईल माहीत नाही. काका, तिने मला भाऊ म्हटलं पण बोटाने माझ्याकडेच दाखवलं, तर तुमच्या मते अधिकारी मान्य करेल का?