मदत हवी आहे: क्रमांकित थ्रेडचा मधला भाग अडकला तर पुढे कसं न्यायचं?

मंडळी, मॅस्टोडॉनवर सात भागांचा थ्रेड ठरल्या वेळी, ओळीने जायला हवा आहे. प्रत्येक भागाच्या `in_reply_to_id` मध्ये आधीच्या पोस्टचा आयडी लागतो. `scheduled_at` देऊन सगळे भाग आधीच रांगेत लावता येत नाहीत, कारण तेव्हा हाती येतो तो शेड्यूलचा आयडी. पोस्टचा खरा आयडी ती प्रसिद्ध झाल्यावरच मिळतो. म्हणून माझी स्क्रिप्टच वेळेवर सुरू होते, १/७ टाकते, आयडी जपून ठेवते, मग २/७. एरर आली की पुढचं सगळं थांबतं. इथवर ठीक.

घोळ टाइमआउटचा आहे. ३/७ ला उत्तरच आलं नाही, तर ती पोस्ट गेली की नाही हे कळणार कसं? तीच `Idempotency-Key` लावून लगेच पुन्हा पाठवलं तर पोस्ट दुबार होत नाही, पण सर्व्हर ती की तासभरच लक्षात ठेवतो. रात्री थांबलेला थ्रेड सकाळी पुढे न्यायचा असेल तर? २/७ चा `context` मागवून त्याखाली माझंच उत्तर आहे का बघायचं, एवढंच सुचतंय. मजकूर जुळवून बघणं भरवशाचं वाटत नाही, तो एचटीएमएल होऊन परत येतो. तुमच्यापैकी कोणी हे कसं सोडवलंय?