तुपातेलाने तुंबलेलं सिंक : ॲसिड-पावडर न ओतता कसं मोकळं केलंत?

सायलीची_आई : फराळ झाला आणि सिंक तुंबलं. पाणी तासभर उभं राहतं. दुकानदार ड्रेनची पावडर घ्या म्हणतो, पण घरात रांगतं बाळ आहे, मन धजत नाही. तुमचे अनुभव सांगा ना.

चकलीवाली : अर्धी वाटी खायचा सोडा, त्यावर वाटीभर व्हिनेगर. फेस ओसरला की पातेलंभर उकळतं पाणी. माझं दर वेळी सुटतं.

पाईपवाला_काका : ताई, काम झालं ते गरम पाण्याने. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांनाच मारतात, तुपाला काही होत नाही. आणि उकळतं पाणी प्लास्टिकच्या पाईपात नको, पाईप मऊ पडतो, सांधे गळतात. गरम पाण्याने वितळलेलं तूप पुढे जाऊन गार झालं की पुन्हा थिजतं, म्हणून थोडं तुंबलं असेल तेव्हाच ते चालतं.

पाणी उभंच राहत असेल तर खालचा बॉटल ट्रॅप उघडा. आधी सिंकमधलं पाणी मगाने उपसा, खाली बादली ठेवा. ट्रॅपची वाटी हाताने फिरते. पान्याने जोर लावलात तर आटे जातात. आत साबणाच्या वडीसारखा पांढरट थर दिसेल, तो जुन्या चमच्याने खरवडून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. वाटी साबणाच्या गरम पाण्याने धुवा, वायसर नीट बसवून परत लावा. ट्रॅप स्वच्छ निघाला तर चोंदलंय पुढे.

नाशिककर : आमच्या बाथरूमच्या जाळीत केस अडकतात, त्यालाही हेच का?

पाईपवाला_काका : नाही, केस ओढूनच काढावे लागतात.

मीरा_ठाण्याची : एक कळकळीने सांगते. आमच्याकडे आधी पावडर ओतली होती, ते विसरून मी ट्रॅप उघडला. पाणी मनगटावर उडालं, वाहत्या नळाखाली हात धरून बसले तरी फोड आलेच. पावडर टाकली असेल तर ट्रॅपला हात लावू नका, पंपही मारू नका. प्लंबरला आधी सांगा.

आजोबा_६८ : कढई आधी कोरड्या बेसनाने पुसावी, तेल शोषलं जातं.

चकलीवाली : आजोबा, आमच्या सासूबाईही तेच करतात. पण ते बेसन सिंकमध्ये गेलं की पाईपात लगदा होतो. मी रद्दी कागदाने पुसते.

सायलीची_आई : काका, ट्रॅप उघडला! थर बोटभर जाड, त्यात दोन चण्याच्या डाळी आणि एक घासणीचा तुकडा. पाणी आता सरसर जातं. पण मशीनचं पाणी सुटलं की सिंकमधून अजून गुडगुड आवाज येतो.

पाईपवाला_काका : मग पुढच्या लाइनीतही थर असणार. खालच्या मजल्यावर विचारा. त्यांचंही पाणी हळू जात असेल तर सोसायटीला चेंबर उघडायला सांगा. तुमच्या एकट्याच्याच घरात असेल तर पाईपात स्प्रिंग फिरवावी लागेल.

सायलीची_आई : खालच्या काकू गावाला गेल्यात, रविवारी येतील. तोवर मशीन लावताना सिंकवर लक्ष ठेवते.