मदत हवी आहे: मीटिंगचे मिनिट्स मंजूर झाले असं कधी धरायचं?

कासवगती: आमची टीम घरून काम करते. कामकाजाचे नियम लिहायला घेतलेत, फक्त मिनिट्सच्या कलमावर गाडी अडलीय. सध्या लिहिलंय, '२४ तासांत हरकत आली नाही तर मिनिट्स मंजूर.' एक जण याला तयारच नाही. उद्या मसुदा पाठवायचाय. कसं लिहू?

वाटाड्या: तो मीटिंगला असतो का? सगळ्यांची कामाची वेळ एकच आहे?

कासवगती: त्याचं घड्याळ आमच्यापेक्षा आठ तास मागे, त्यामुळे बहुतेकदा नसतो. मागे शुक्रवारी संध्याकाळी मिनिट्स पाठवले, शनिवारी आपोआप मंजूर झाले. त्यात साप्ताहिक रिपोर्ट बंद करायचा निर्णय होता. सोमवारी त्याने हरकत घेतली.

ठामपणे: गप्प राहणं म्हणजे होकार, हे कलमच काढा. आमच्याकडे प्रत्येक जण 'मंजूर' लिहितो.

जुनी_फाईल: मग एक जण रजेवर गेला की मिनिट्स लटकले. मुदत ठेवा, पण ती कामाच्या दिवसांत मोजा, दोन पूर्ण दिवस, आणि ज्याचा दिवस सर्वांत उशिरा संपतो त्याच्या घड्याळाने.

मुख्य गुंता वेगळाच आहे. मिनिट्स मंजूर करणं म्हणजे जे बोलणं झालं ते बरोबर लिहिलंय एवढंच सांगणं. निर्णय पटला की नाही, हा प्रश्न तिथे येतच नाही. तुमच्या सहकाऱ्याची हरकत नोंदीवर नव्हती, निर्णयावर होती, आणि तुमच्याकडे दोन्हींना दार एकच. म्हणून निर्णयांची वही वेगळी ठेवा. मीटिंग संपण्याआधी प्रत्येक निर्णय मोठ्याने वाचायचा आणि मग असा लिहायचा:

'नि-१४. साप्ताहिक रिपोर्ट पुढच्या महिन्यापासून बंद. कारण: तीच माहिती कामांच्या यादीत दिसते. कोणी ठरवलं, कोण गैरहजर. लागू: पाच कामाच्या दिवसांनी.'

गैरहजर माणसाने त्या पाच दिवसांत नवा मुद्दा मांडला, तर विषय पुढच्या मीटिंगला परत येतो आणि तोवर अंमल थांबतो. निर्णय बदललाच तर नि-१४ खोडायचा नाही. नि-२१ लिहून 'नि-१४ रद्द' म्हणायचं.

चहाबाज: मीटिंग रेकॉर्डच करा ना, लिहायची कटकट कशाला? आणि कॅमेरा चालू ठेवायचा नियम घाला.

वाटाड्या: तासाभराचं रेकॉर्डिंग ऐकून काय ठरलं ते कोण शोधणार? आणि कॅमेऱ्याचं त्यांनी विचारलेलं नाही.

ठामपणे: पाच दिवस थांबायचं तर तातडीच्या कामाचं काय?

जुनी_फाईल: जो पुन्हा मागे घेता येतो तो निर्णय लगेच लागू करा. मागे घेता येत नाही त्यालाच थांबवा.

कासवगती: हे पटलं, दोन कलमं वेगळी करतोय. पण शब्दांवरून वाद झाला, म्हणजे एक म्हणतो 'ठरलं' आणि दुसरा म्हणतो 'फक्त चर्चा झाली', तर शेवटचा शब्द कोणाचा?

जुनी_फाईल: मीटिंग चालवणाऱ्याचा. नोंद लिहिणारा मात्र दुसरा हवा.

ठामपणे: आणि चालवणाराच वादातला एक असेल तर?