सॉना आणि झोप: वेळेचं गणित

> "रात्री सॉना घेऊन लगेच आडवा होतो, तर तासभर झोपच येत नाही. असं का?"

झोप लागण्याआधी शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं. सॉनातून बाहेर आल्यावर ते चढलेलंच असतं, नाडीही जोरात असते. पण त्या उष्णतेने हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि पुढच्या तास-दीड तासात त्यांतूनच उष्णता बाहेर पडते. झोपेला मदत होते ती या उताराची. म्हणून ११ला झोपायचं तर साडेनऊपर्यंत बाहेर या.

स्टीममध्ये घाम वाळत नाही, अंग लवकर तापतं; तिथे कमी वेळ बसा. हॉट टबला ४० अंश आणि दहा-पंधरा मिनिटं माझ्या मते पुरेत. अंथरुणात घाम येत असेल तर पुढच्या वेळी आणखी लवकर उरका.