अनुभव धागा : रजेची शिल्लक कमाल मर्यादेला टेकली की कोणती रजा कधी मागावी?

धागाकर्ती

रजा किती मिळते हे प्रत्येकाला तोंडपाठ असते, पण ती कधी जमा होते, किती पुढे नेता येते आणि कोणत्या तारखेला बुडते, याचा विचार करून अर्ज करणारे थोडेच भेटतात. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आहे आणि निवृत्ती दृष्टीपथात असलेल्या अनेक सहकाऱ्यांचे दर सहामाहीला काही ना काही दिवस बुडताना पाहते आहे. रजा घेऊ नये असा ज्यांचा बाणा आहे त्यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. रजा घेऊनही ज्यांचे दिवस बुडतात, त्यांचे काय चुकते हे समजून घ्यायचे आहे. आपापल्या ठिकाणचा नियम आणि त्यावरून तुम्ही अर्ज कसा करता, हे सविस्तर लिहावे.

सोलापूरकर

यात समजून घेण्यासारखे फारसे काही नाही. 300 दिवस पूर्ण झाले की 1 जानेवारीला आणि 1 जुलैला जमा होणारे 15 दिवस खात्यात येताच जातात, त्यामुळे 300 होण्याच्या आधीच काय ती रजा उपभोगून घ्यावी. माझी तीनशे भरल्यापासून मी त्या पंधरा दिवसांचा विचारच सोडून दिला आहे.

आस्थापना शाखेतून

वरील प्रतिसादातील अर्धा भाग बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागामुळेच लोकांचे नुकसान होते. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 प्रमाणे अर्जित रजेची शिल्लक 285 च्या वर आणि 300 पर्यंत असेल, तर नव्या सहामाहीचे 15 दिवस त्या शिल्लकेत लगेच मिसळत नाहीत आणि लगेच बुडतही नाहीत. ते वेगळे दाखवले जातात आणि त्या सहामाहीत घेतलेली अर्जित रजा आधी त्यांतून वळती केली जाते. सहामाही संपताना जे उरते ते मूळ शिल्लकेत मिळवतात आणि बेरीज 300 च्या वर गेली तर वरचे तेवढे बुडते. म्हणजे निर्णयाची तारीख 1 जानेवारी नसून 30 जून आहे आणि दुसऱ्या सहामाहीसाठी ती 31 डिसेंबर आहे.

आमच्याकडील एका गृहस्थांचे खाते उदाहरणादाखल देतो. 31 डिसेंबरला त्यांची शिल्लक 296 होती, म्हणून 1 जानेवारीला रजेच्या खात्यात 296+15 अशी नोंद झाली. मे महिन्यात त्यांनी 6 दिवसांची अर्जित रजा घेतली. ती वेगळ्या पंधरांतून गेली आणि तिथे 9 उरले. 30 जूनला 296 आणि 9 मिळून 305 झाले, म्हणून 5 दिवस बुडाले. त्यांनी सहाऐवजी 11 दिवस घेतले असते तर 296 आणि 4 मिळून बरोबर 300 झाले असते. हा आकडा काढायला कोष्टक लागत नाही. सहामाहीच्या सुरुवातीच्या शिल्लकेतून 285 वजा करा. जे येईल तेवढे दिवस त्या सहामाहीत घ्यायचे असतात. ज्यांचे 300 पूर्ण आहेत त्यांना पूर्ण 15 घ्यावे लागतात. सोलापूरकरांनी ते घ्यावेत. त्यांच्या निवृत्तीच्या रोखीकरणातला एक दिवसही त्यामुळे कमी होणार नाही.

नागपूरहून

याच हिशेबात रजा सहामाहीच्या सीमेवर पडली तर काय होते, हेही लिहावेसे वाटते. मुलीच्या लग्नाच्या निमित्ताने मी 24 जून ते 5 जुलै अशी बारा दिवसांची रजा टाकली होती आणि त्यामुळे पहिल्या सहामाहीतील पुरेसे दिवस वापरले गेले असे धरून चालले होते. प्रत्यक्षात जूनमधील 7 दिवसच त्या सहामाहीत धरले गेले आणि जुलैमधील 5 दिवस पुढच्या पंधरांतून वळते झाले. ते 5 दिवस वाया गेले नाहीत, कारण दुसऱ्या सहामाहीत ते कामी आलेच, परंतु पहिल्या सहामाहीचा खड्डा तसाच राहिला. लग्नाची तारीख काही रजेच्या खात्याकडे बघून काढता येत नाही हे खरे, तरी आठवडाभर आधी निघता आले असते.

धागाकर्ती

सुट्ट्या जोडण्याविषयीही कोणी लिहावे. आमच्याकडे पाच दिवसांचा आठवडा आहे आणि शनिवार-रविवार रजेत धरले जातात की नाही, यावर दर वेळी चर्चा झडते.

आस्थापना शाखेतून

सोमवार ते शुक्रवार अर्जित रजा घेतली आणि दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार पुढे-मागे जोडण्याची परवानगी मागितली, तर खात्यातून 5 दिवस जातात आणि घरी 9 दिवस मिळतात. मात्र सलग दोन आठवडे घेतले, तर मधला शनिवार-रविवार रजेतच धरला जातो आणि 12 दिवस वळते होतात. नोकरीची सुरुवातीची वर्षे असलेल्यांना मी नेहमी सांगतो की, शक्य असेल तिथे आठवडे सुटे घ्या, म्हणजे शिल्लक वाढते. तीनशेला टेकलेल्यांना मी नेमके उलट सांगतो. त्यांनी सलग घ्यावी, कारण मधले दोन दिवस एरवी बुडणाऱ्यांतूनच जाणार आहेत. एकच नियम पंचविशीत खर्चाचा आणि पंचावन्नाव्या वर्षी सोयीचा ठरतो, ही गंमत माझ्या ओळखीच्या अनेक लिपिकांच्याही लक्षात येत नाही.

किरकोळ रजेचे तसे नाही. तिच्या मध्ये आलेल्या सुट्ट्या मोजल्या जात नाहीत, ती अर्जित रजेला जोडता येत नाही आणि वर्षाच्या 8 दिवसांपैकी उरलेले 31 डिसेंबरला संपतात. त्यामुळे डिसेंबरात सुटे दिवस हवे असतील तर आधी तीच मागावी.

पुण्याची खाजगीतली

इथे सगळे सरकारी नोकरीतले दिसतात, तरी आमची बाजू मांडते. आमच्या कंपनीत दरमहा दीड दिवस जमा होतो आणि पोर्टलवर शिल्लक दिसते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 खाली ही रजा जास्तीत जास्त 45 दिवस साठवता येते. शिल्लक 45 च्या जवळ आली की माणसे डिसेंबरात अर्ज टाकतात आणि नेमका तेव्हाच प्रकल्प संपवण्याचा रेटा असतो.

माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने ऑक्टोबरमध्येच डिसेंबरसाठी अर्ज केला होता. वरिष्ठांनी तो नामंजूर केला नाही, तर "आत्ता नको, अर्ज मागे घे, नंतर बघू" असे तोंडी सांगितले आणि त्याने भिडेपोटी अर्ज मागे घेतला. वर्षअखेरीस वरचे दिवस बुडाले आणि कार्मिक विभागाने सांगितले की, नामंजुरीची कोणतीही नोंद आमच्याकडे नाही. ही नोंदच महत्त्वाची होती, कारण 15 दिवस आधी अर्ज करूनही रजा नाकारली गेली, तर 45 च्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क याच कायद्यात आहे. तेव्हापासून आमच्या गटात अर्ज कोणी मागे घेत नाही. नाकारायचा असेल तर वरिष्ठांनी पोर्टलवर नाकारावा, एवढेच नम्रपणे सांगतो. व्यवस्थापकीय पदावर गेलेल्यांना हा कायदा लागू होत नाही, त्यांना कंपनीच्या धोरणावरच अवलंबून राहावे लागते.

नवा भरती

मला नोकरी सोडायची आहे आणि नोटीस कालावधीत उरलेली सगळी रजा घेता येईल का, हे कोणी सांगेल का? मी केंद्रीय सेवेत आहे आणि माझी 90 दिवस अर्जित रजा शिल्लक आहे.

आस्थापना शाखेतून

तुमचा प्रश्न या धाग्याचा नाही, तरी थोडक्यात लिहितो. राजीनामा दिल्यास शिल्लक अर्जित रजेच्या निम्म्या दिवसांचे, तेही कमाल 150 दिवसांपर्यंतच, रोखीकरण मिळते. तुमच्या बाबतीत ते 45 दिवस होतील. त्यामुळे राजीनाम्याचा अर्ज देण्यापूर्वी रजा घेतली तर ती पूर्ण मोलाने मिळते. मात्र रजा हक्क म्हणून मागता येत नाही आणि ती मंजूर करणे कार्यालयाच्या हातात आहे.

निवृत्त, डोंबिवली

आजारपणाची रजा कोणत्या खात्यातून मागावी, याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. निवृत्तीच्या वेळी अर्जित आणि अर्धवेतनी अशा दोन्ही रजा मिळून 300 दिवसांचेच पैसे मिळतात. अर्धवेतनी रजा दर सहामाहीला 10 दिवस जमा होते आणि तिच्या साठ्याला मर्यादा नाही, परंतु ज्याची अर्जित रजाच 300 आहे त्याला त्या साठ्याचा एक पैसाही मिळत नाही. माझी अर्धवेतनी रजा डोंगराएवढी साठली होती. शेवटच्या काही वर्षांत शस्त्रक्रियेची वेळ आली तेव्हा मी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून परिवर्तित रजा मागितली. तिच्यात पूर्ण पगार मिळतो आणि अर्धवेतनी खात्यातून दुप्पट दिवस जातात. दहा दिवसांना वीस गेले तरी त्याचे मला काहीच वाटले नाही.

लिपिकाने मात्र "तुमची अर्जित रजा भरपूर आहे" असे म्हणून तीच लावली. घेतलेली रजा पंधरा दिवसांच्या आत असती तर मी गप्प बसलो असतो, पण ती त्याहून बरीच मोठी होती आणि तीनशेतून दिवस गेले असते. मंजुरी देणारा अधिकारी रजा नाकारू शकतो, परंतु कर्मचाऱ्याच्या लेखी विनंतीशिवाय मागितलेल्या रजेचा प्रकार बदलू शकत नाही, हे नियम 7 मध्ये आहे. तो दाखवल्यावर नोंद दुरुस्त झाली. स्वतःच चुकीचा प्रकार मागितला असेल तर रुजू झाल्यापासून 30 दिवसांच्या आत बदलून मागावा लागतो.

आणखी एक. निवृत्तीच्या सहामाहीत पूर्ण 15 दिवस मिळत नाहीत, महिन्याला अडीच दिवस मिळतात. मी 31 ऑक्टोबरला निवृत्त झालो, त्यामुळे जुलैमध्ये 10 दिवसच वेगळे जमा झाले आणि ते ऑक्टोबर संपण्याआधी घ्यावे लागले.

सोलापूरकर

आस्थापना शाखेतील महोदयांनी डोळे उघडले, आभारी आहे. यंदा एलटीसीसाठी 10 दिवसांचे रोखीकरण घेणार आहे. ते वेगळ्या पंधरांतून जाईल की मूळ तीनशेतून? आमचे लेखापाल म्हणतात तीनशेतून, आणि तसे झाले तर माझे नुकसान आहे.

आस्थापना शाखेतून

आकडे मांडून पाहा. पंधरांतून गेले तर 300+5 राहतात आणि सहामाहीअखेर 5 बुडतात. तीनशेतून गेले तर 290+15 राहतात, बेरीज पुन्हा 305 आणि बुडतात तेही 5 च. त्यामुळे लेखापालांशी वाद न घालता उरलेल्या 5 दिवसांचा अर्ज करावा. एलटीसीचे हे दिवस संपूर्ण सेवेत 60 पर्यंतच घेता येतात आणि निवृत्तीच्या 300 मधून ते कापले जात नाहीत.

साताऱ्याहून, राज्य सेवा

राज्य सेवेत महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 लागू आहेत. आमच्या कार्यालयात तीनशेच्या वरचे दिवस वेगळे दाखवायचे की नाही, यावर दोन लिपिकांची दोन मते आहेत. सेवापुस्तकात मागील वर्षी एका पद्धतीने आणि यंदा दुसऱ्या पद्धतीने नोंद झाली आहे. राज्य सेवेतील कोणी आपल्या खात्यातील नोंद नेमकी कशी आहे ते लिहिले, तर मला 31 डिसेंबरच्या आत अर्ज टाकायचा की नाही हे ठरवता येईल.